जस्ताचे सहा खिळे

मिलीग्रॅम मावशींना मुलांनी हे नाव ठेवलं त्याला बावीस वर्षं झाली. नाव ठेवणारा मुलगा आता कुठेतरी मोठा साहेब असेल. नाव मात्र इथेच राहिलं, मावशी सांभाळतात त्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या धातूंच्या प्रयोगशाळेत, काचेच्या पेटीतल्या तराजूशेजारी. त्या तराजूला कोणी उघड्या बोटांनी हात लावला की मावशींचा पारा चढायचा. "बोटाचं तेल दोन मिलीग्रॅम असतं, बाळा! तुझ्या अकलेपेक्षा जास्त!" असं त्या एकदा एका प्राध्यापकालाही म्हणाल्या होत्या. प्राध्यापक हसले. मग रुमालाने बोटं पुसून गुपचूप चिमटा उचलला.

तर अशा मावशींच्या हातून चूक झाली, आणि तीही न बोलण्याची. आयुष्यभर बोलून बोलून ज्यांनी मुलांना भंडावून सोडलं, त्यांच्याकडून नेमकं एका मुलीला एक वाक्य सांगायचं राहून गेलं.

त्या मुलीला वर्गात टाचणी म्हणत. अंगाने किरकोळ, बोलणं टोचणारं. दरवर्षी तिसऱ्या वर्षाची मुलं खिळ्यांचा प्रयोग करतात, तशी तीही करणार होती. प्रयोग सोपा आहे. पोलादाचे साधे खिळे आणि लेप दिलेले खिळे तोलून घ्यायचे, मिठाच्या पाण्यात तीन आठवडे बुडवून ठेवायचे, मग बाहेर काढून गंज साफ करायचा आणि पुन्हा तोलायचे. जेवढं वजन घटलं तेवढं पोलाद खाऱ्या पाण्याने खाल्लं. गंज न काढता तोलणारा एक तरी शहाणा दरवर्षी निघतो. मग त्याचा खिळा गंजून जड झालेला दिसतो, आणि मावशींना दिवसभर पुरेल एवढं हसू मिळतं.

लेपाचे खिळे म्हणजे प्रयोगशाळेतले रंग दिलेले खिळे, हे ठरलेलं. पण टाचणी आपले खिळे घेऊन आली. कागदाच्या पुडीत सहा खिळे, बोटभर लांब, राखाडी, जस्ताचा मुलामा दिलेले.

"हे माझ्या बाबांनी बुडवलेत," ती म्हणाली. "हेच वापरू का?"

मावशींनी चिमट्याने एक उचलून उजेडात धरला. मुलामा एकसारखा होता, डोक्याखाली गोळा नाही, टोकाला थेंब नाही.

"हात चांगला आहे तुझ्या बाबांचा."

एवढं ऐकलं आणि टाचणीचे डोळे भरून आले. ही मुलगी रडते हे मावशींना तोवर माहीत नव्हतं. मग तिने सगळं सांगितलं. तिचे बाबा जस्ताच्या कारखान्यात उस्ताद. तीस वर्षं वितळलेल्या जस्ताच्या हौदापाशी उभे. बंदरावरच्या लाकडी पुलवाटेसाठी खिळ्यांची मोठी मागणी आली होती, ती त्यांनीच बुडवून दिली. वर्ष झालं नाही तोच पुलवाटेची एक फळी निसटली, एक बाई खाली दगडांवर पडली आणि कमरेपासून अधू झाली. खिळे डोक्याखाली गंजून तुटलेले निघाले. चौकशी बसली. ठेकेदाराने हात झटकले, कारखान्याच्या मालकाने उस्तादांकडे बोट दाखवलं. 'घाईत माल लवकर उचलला, मुलामा पातळ पडला, चूक माझी' असं लिहिलेला कागद दोन महिने त्यांच्यासमोर होता, आणि उस्ताद दोन महिने त्यावर सही करत नव्हते.

"त्याच खेपेतले आहेत हे. बाबांच्या डब्यात राहिले होते. हे टिकले म्हणजे बाबा खरे. नाही का मावशी?"

"टिकले तर खरे," मावशी म्हणाल्या. "पाच पाण्यात ठेव. एक कोरडा राहू दे, ताडून बघायला."

सहावा खिळा त्यांनी पुडीत गुंडाळून आपल्या खणात ठेवला. पाच काचपात्रांत पाच जस्ताचे, पाच पात्रांत पाच साधे, सगळ्यांत लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ. एकही खिळा दुसऱ्याला चिकटू द्यायचा नाही, कारण जस्त जवळच्या साध्या पोलादासाठी आपण झिजतं आणि मग दोन्हीकडचे आकडे खोटे येतात. हे सगळं मावशींनी तोंड दुखेपर्यंत सांगितलं. धुण्याचं सांगायला अजून तीन आठवडे होते.

तिसऱ्याच दिवशी साध्या खिळ्यांची पात्रं मातकट झाली. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या तळाशी नारिंगी गाळ बसला. जस्ताच्या खिळ्यांवर पिठासारखी पांढरी भुकटी धरली, पण लाल ठिपका म्हणून दिसेना. टाचणी रोज मधल्या सुट्टीत येऊन पात्रांपुढे वाकून बघायची. तिच्या चेहऱ्यावर रंग येऊ लागला होता. "मावशी, बघा ना, अजून पांढरेच!" मावशी म्हणायच्या, "काचेवर श्वास सोडू नकोस." पण त्यांनाही बरं वाटत होतं.

आणि तिसऱ्या आठवड्यात मावशींच्या मोतीबिंदूची तारीख आली. डॉक्टरांनी दहा दिवस घरी बसायला सांगितलं. डोळ्यावर पट्टी बांधून त्या घरी पडल्या, आणि खिळे धुण्याचा दिवस त्यांच्याशिवाय उजाडला.

आता इथे धुण्याचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. साध्या पोलादाचा गंज काढायला सौम्य ॲसिड लागतं. त्यात एक औषध घातलेलं असतं, त्यामुळे ॲसिड गंज खातं आणि पोलादाला जवळजवळ सोडून देतं. रंगाच्या खिळ्यांनाही तेच चालतं. पण ते औषध जस्ताला वाचवत नाही. जस्त त्या ॲसिडात मिनिटभरात फसफसून संपतं. म्हणून जस्ताचे खिळे नवसागराच्या गरम पाण्यात धुवायचे. तिथे फक्त पांढरी भुकटी निघते, मुलामा राहतो. हे सगळं मावशींनीच कधीकाळी सूचनांच्या कागदावर लिहून ठेवलं होतं, पण मागच्या बाजूला. झेरॉक्सवाल्याने वर्षानुवर्षं पुढचीच बाजू काढली. जस्ताचे खिळे कोणी आणतच नव्हतं, म्हणून कोणाचं काही अडलं नव्हतं.

टेबलावर ॲसिडाची बाटली होती. टाचणीने कागद वाचला, कागदात होतं तसंच केलं, अगदी घड्याळ लावून. साध्या खिळ्यांचं वजन सरासरी शेहेचाळीस मिलीग्रॅम घटलं. बाबांच्या खिळ्यांचं तीनशे अडुसष्ट.

सरांनी वर्गात आकडे फळ्यावर लिहिले. "आठपट! लेप दिलेला खिळा आठपट जास्त गेला. म्हणजे हा लेप नव्हताच, नुसती रंगरंगोटी होती. डोळ्यांवर जाऊ नका, आकडा खरं बोलतो." सर वाईट माणूस नव्हेत. त्यांना चार वर्ग होते, खिळे कोणाचे ते ठाऊक नव्हतं. पण तीन आठवडे ज्या खिळ्यांवर लाल ठिपका आला नाही, ते आठपट गेले कसे, एवढं एका तरी माणसाने विचारायला हवं होतं. चाळीस मुलं होती वर्गात. चाळिसांनी आकडा उतरवून घेतला.

मावशी अकराव्या दिवशी, गुरुवारी, काळा चष्मा लावून कामावर आल्या. टेबलावर तपासायच्या वह्यांचा ढीग होता. नव्या डोळ्याने अक्षरं लख्ख दिसत होती, त्याचं त्यांना कौतुक वाटत होतं. टाचणीची वही आली तेव्हा त्यांनी आधी शेवटचं पान उघडलं. 'निष्कर्ष: जस्ताचा लेप निकृष्ट. संरक्षण मिळत नाही.' अक्षर नेहमीसारखं टोकदार, पण 'निकृष्ट' या शब्दावर पेन इतकं दाबलेलं की मागे उमटलं होतं.

मावशींना पटेना. त्या निरीक्षणाच्या पानावर गेल्या. तिथे टाचणीने प्रामाणिकपणे सगळं लिहिलं होतं: 'साफ करताना साध्या खिळ्यांवर तुरळक बुडबुडे. जस्ताच्या खिळ्यांवर फार जोरात बुडबुडे, साधारण एक मिनिट. मग थांबले.'

त्यांनी खण उघडला, धुतलेल्या खिळ्यांची पाकिटं काढली. जस्ताचे पाचही खिळे पाकिटात कोरडे असूनही लालसर झाले होते. उघडं पोलाद ते. अंगावर काही उरलंच नव्हतं. खात्री करायला त्यांनी बाजारातला एक जस्ताचा खिळा आणवला, मिठाच्या पाण्याचं तोंडही न दाखवता तोलला, त्याच ॲसिडात बुडवला, पुन्हा तोलला. तीनशे वीस मिलीग्रॅम गायब. पाणी नाही, मीठ नाही, दिवस नाहीत. फक्त धुणं.

मग त्या हिशोब करायला बसल्या, आणि हिशोब पुरा झाला तेव्हा त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले, डॉक्टरांनी मना केलं होतं तरी. तीनशे अडुसष्ट मिलीग्रॅम म्हणजे खिळ्यावर होतं ते सगळं जस्त. एका खिळ्याचं अंग दहा चौरस सेंटिमीटर. मुलामा किती जाड आहे हे मोजायची खरी रीतच ही की तो ॲसिडात उतरवायचा आणि किती वजन गेलं ते बघायचं. भागाकार केला तर मुलामा निघाला एक्कावन्न मायक्रॉन. मागणी पंचेचाळीसची होती, असं टाचणीनेच सांगितलं होतं. म्हणजे ज्या आकड्याने उस्तादांना खोटं पाडलं, तोच आकडा त्यांनी मागितल्यापेक्षा जास्त दिलं असं सांगत होता.

टाचणी गुरुवारी आली नाही, शुक्रवारीही नाही. फोन उचलेना. शनिवारी मावशींनी कार्यालयातून पत्ता घेतला, सहावा खिळा पुडीसकट पर्समध्ये टाकला आणि निघाल्या.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. दार उस्तादांनीच उघडलं. उंच, वाकलेला माणूस. दोन्ही हातांवर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग. कामाच्या दिवशी दुपारी घरात असलेल्या माणसासारखे ते उगीच नीटनेटके होते, शर्टाची सगळी बटणं लावलेली.

"मुलगी मामीकडे गेलीय, उद्या येईल," ते म्हणाले. "तुम्ही त्या तराजूवाल्या बाई ना? फार बोलते ती तुमच्याबद्दल. बसा."

मावशी बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "उस्ताद, तुमचा मुलामा चांगला होता. चूक आमची झाली. खिळे ॲसिडात धुतले."

उस्ताद खाली बसले, हळूच, खुर्चीला चाचपत.

"ॲसिडात?"

"हो."

"ॲसिडात जस्त राहतं का कधी? आमच्याकडे बिघडलेला माल ॲसिडातच उतरवतात. पोरसवदा हेल्परलासुद्धा माहीत असतं." ते हसल्यासारखं करू लागले आणि मध्येच थांबले. "नवसागरात धुवायचे होते."

"नवसागरातच."

"रोज हात घालतो मी नवसागरात. तीस वर्षं." त्यांनी तळवे उलटे करून पाहिले. "रविवारी जेवायला बसलो होतो. म्हणाली, बाबा, आठपट गेले. मी म्हटलं, नीट मोजलंस? तर म्हणाली, दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत. वाईट बोलली नाही हो. रडत होती. मी विचारलंच नाही, धुतलेस कशात. तेवढंच विचारायचं राहिलं बघा."

"मलाही तेवढंच सांगायचं राहिलं," मावशी म्हणाल्या.

खाली रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं.

"तुम्हाला तरी स्वतःची खात्री होती ना?" मावशींनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्यांना आपलाच राग आला.

"होती आणि नव्हती. त्या आठवड्यात मालक मानेवर बसला होता, लवकर काढ, लवकर काढ. मी काढला नाही असं मला वाटत होतं. पण ती बाई पडली ना, तेव्हापासून रोज मनात हौदापाशी जाऊन उभा राहायचो. एक खेप आठवायचो, दुसरी आठवायचो. एखादी लवकर काढली असेन का? मग पोरीने आकडा आणला. मी म्हटलं, संपलं. इतकं शिकलेली पोर, इतका मोठा तराजू. सोमवारी सकाळी जाऊन सही केली."

मावशी आता बसल्या.

"मी लिहून देते," त्या म्हणाल्या. "कॉलेजच्या कागदावर. सगळा हिशोब घालून. आणि हा बघा, एक कोरडा राहिलाय, मुलामा शाबूत आहे." त्यांनी पुडी सोडली.

उस्तादांनी खिळा घेतला. उजेडात धरला नाही, डोळे मिटून अंगठ्याने चाचपला, डोक्यापासून टोकापर्यंत.

"चांगला आहे," ते म्हणाले. "मग पुलवाटेतले कशाने तुटले, देव जाणे. पण आता याचं काय करू? माझ्या खिशातला खिळा, कुठल्या खेपेतला म्हणून कोण मानेल? आणि सही माझीच. वर लिहिलंय, कोणाच्या दबावाशिवाय. खरंच नव्हता दबाव. चौकशी बंद झाली, मालकाने परवाच पेढे वाटल्यासारखा सगळ्यांना चहा पाजला."

"तरी प्रयत्न करू. आठ दिवसही झाले नाहीत."

"केला तर विचारतील, सही का केलीस. काय सांगू? माझ्या मुलीने चुकीचं मोजलं म्हणून? तिचं नाव त्या कागदात लिहू? पुढच्या वर्षी ती इंजिनीअर होईल." त्यांनी खिळा पुन्हा पुडीत ठेवला, पुडीच्या घड्या होत्या तशा घातल्या आणि मावशींच्या हातात दिली. "तिला यातलं काही सांगू नका. तुम्ही बाईमाणूस, तुम्हाला समजेल. बापाने काम चुकवलं एवढं ती विसरेल. आपण बापाला बुडवलं हे विसरायची नाही."

मावशी जिना उतरल्या तेव्हा त्यांनी कबूल केलं होतं. निदान 'नाही' म्हणाल्या नव्हत्या.

ते तीन दिवस मावशींनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. सूचनांच्या कागदाच्या दोन्ही बाजू त्यांनी नव्याने छापून आणल्या आणि टेबलावर काचेखाली शेजारी शेजारी लावल्या, म्हणजे चोर गेल्यावर कुलूप घट्ट लावतात तसं. टाचणीची वही मात्र तशीच पडून होती. लाल पेनाने सही केली की विषय संपत होता. सर तर सही करून मोकळेही झाले असते. पण उद्या ही मुलगी कुठल्या तरी पुलाचे बोल्ट तपासायला बसेल. फसफस दिसेल, लिहूनही ठेवेल, आणि शेवटी आकडा सांगेल तेच खरं मानेल. मग आणखी कोणी बाई दगडांवर पडेल, आणखी कोणाच्या बापापुढे कागद येईल. मावशींना दोन्हीकडून कापलं जात होतं. त्यांनी आयुष्यात कधी खोट्या निष्कर्षावर सही केली नव्हती.

बुधवारी प्रयोगाचा तास संपला. मुलं गेली. टाचणी पात्रं विसळत होती.

"इकडे ये," मावशी म्हणाल्या. त्यांनी वही उघडून तिच्यासमोर ठेवली, निरीक्षणाच्या पानावर. "हे वाच."

टाचणीने वाचलं. "जोरात बुडबुडे. मग?"

"कशाचे?"

"हायड्रोजनचे." ती उत्तर देऊन मोकळी झाली, परीक्षेत देतात तसं. मग तिने पान पुन्हा वाचलं. मग काचेखालचा नवा कागद वाचला, मागची बाजू. मावशींना काही सांगायची गरज उरली नव्हती.

टाचणीने पेन घेतलं. आकडे नीट मांडले. तीनशे अडुसष्ट, भागिले दहा, भागिले जस्ताची घनता. एक्कावन्न पूर्णांक पाच. खाली दोन रेघा मारल्या, वर्गात शिकवतात तशा.

"चूक माझी आहे," मावशी घाईने म्हणाल्या. "मी सांगायला हवं होतं. कागद माझा, बाटली माझी. तू लिहिलं होतं तेच केलंस."

तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

"बाबांना माहीत आहे हे?"

मावशींना खोटं बोलता आलं असतं.

"आहे."

"कधीपासून?"

"शनिवारी दुपारपासून. मी घरी गेले होते."

टाचणी बोटांवर काहीतरी मोजू लागली. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. तिच्या हातावर अजून विसळलेलं पाणी होतं, ते वहीवर पडून आकडे फुटू लागले.

"काल रात्री मी ताट ढकललं त्यांच्यासमोर," ती म्हणाली. "म्हटलं, दोन मिनिटं अजून थांबला असतात हौदापाशी तर काय बिघडलं असतं? ती बाई आज चालली असती."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, खरंय बाळ. मग त्यांनी माझं ताट पुन्हा वाढलं."

मावशींनी खण उघडला आणि पुडी तिच्यापुढे ठेवली. टाचणीने ती उघडली नाही. ओल्या हातांनी धरून बसली, आणि मावशींना पहिल्यांदाच तिला हात कोरडे कर म्हणायचं सुचलं नाही.